सॉरी, आणि आंघोळ

पहाटे पाच बावन्नला उशाशी फोन थरथरला. साडूंचा मेसेज होता, 'सॉरी.' पूर्णविरामासकट. पुढे काही नाही, मागे काही नाही.

तुमच्याही ओळखीत असा एक असेलच. आमच्याकडचा मात्र मेसेज टाकला की फोन चार्जिंगला लावतो आणि आंघोळीला जातो. साडूंची आंघोळ म्हणजे रामरक्षेचे 38 श्लोक, तेही सावकाश. तोवर इकडे आमचा हिशेब सुरू. नेलेली स्कूटर ठोकली? सासूबाईंपाशी काही बोलले? आपण 'काय झालं?' विचारावं, तर या गृहस्थांनी निळ्या खुणा बंद करून ठेवलेल्या. वाचलंय की पाणीच अंगावर घेताहेत, पत्ता लागत नाही. एकदा तर 'सॉरी.' टाकून तो डिलीट केला आणि मग आंघोळीला गेले. त्या दिवशी मी हाफ डे टाकला.

यात खरा धोका असा की गुन्हा माहीत नसला की माणूस आपलाच एखादा काढून देतो. गेल्या दिवाळीत मला धीर धरवेना. मी लिहून बसलो, 'अहो, सॉरी कसलं! तुमची छत्री मीच बसमध्ये विसरलो होतो, तेव्हा फिट्टंफाट.' पाऊण तासाने ओल्या केसांनी फोन आला. "छत्री तुम्ही नेली होती?" वर्षभर ते बिचाऱ्या पेपरवाल्यावर संशय घेत होते. आणि यांचा सॉरी कशासाठी? शनिवारी मारुतीचा फोटो मला चुकून दोनदा गेला होता, म्हणून!

बायको म्हणाली, "त्यांना निदान वाटतं तरी. तुम्ही छत्रीचं वर्षभर बोलला नाहीत." मी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

तर परवाचा पाच बावन्नचा सॉरी. दवाखान्यात मामंजींजवळ रात्री थांबायची पाळी खरं तर माझी होती. "तुम्हाला सकाळी ऑफिस," म्हणत साडूंनीच ती घेतली, आणि मीही फार आग्रह केला नाही. मेसेज बघून वाटलं, थर्मास फोडला असणार. आता रामरक्षा संपेपर्यंत उगाच कशाला जागा, म्हणून कूस वळवली. मग काय वाटलं कोण जाणे, फोन लावला.

पहिल्याच रिंगला उचलला.

"आंघोळ?" मी आपला सवयीने बोलून गेलो.

"ती आता स्मशानातून आल्यावर," साडू म्हणाले. नंतर बराच वेळ नुसता कॉरिडॉरमधल्या पंख्याचा आवाज येत राहिला.

"पाचच मिनिटं हो. पाचच मिनिटं डोळा लागला माझा."