फाइलवाला

ऑक्टोबर उलटला आणि पिंपळनेरच्या मार्केटात लाल कांदा दिसू लागला, की साक्रीच्या कॉलेजात स्टाफरूमच्या दाराशी शिफारसार्थी दिसू लागतात. कांद्याला निदान प्रतवारी असते. शिफारसार्थी मात्र बहुतेक एकाच प्रतीचे येतात.

"सर, एक लेटर पाहिजे होतं."

"कशासाठी?"

"फॉर्मले लागस."

"कोणता फॉर्म?"

"ऑनलाइन शे, सर."

"कधीपर्यंत हवं?"

"आज रात्री बारापर्यंत. पण तशी काही घाई नाही."

"आणि लिहू काय?"

"काही बी चांगलं लिखी द्या. तुमले तर सम्दं माहीत शे!"

सरांना काय माहीत असतं? तीन वर्षं हा तिसऱ्या बाकावर, खिडकीकडेला बसायचा. दहिवेलची गाडी चुकेल म्हणून शेवटच्या तासाला उठून जायचा. एवढ्या भांडवलावर सर लिहितात : "सदर विद्यार्थी कष्टाळू, नम्र व वक्तशीर आहे." हे वाक्य सगळ्या वर्गाला चालतं. दहिवेलच्या गाडीच्या कंडक्टरला तर विद्यार्थ्यापेक्षा जास्त शोभतं. तिकडे निवड समितीपुढे अशा कष्टाळू, नम्र आणि वक्तशीर मुलांची थप्पी पडलेली असते. समिती ते पत्र वाचते आणि विसरते.

काही जण ऑफिसातून चारित्र्याच्या दाखल्याचा छापील कागद घेऊन येतात. "सर, हेच ना? फक्त सही करा." त्या दाखल्यातून एवढंच कळतं, की याच्याविरुद्ध कॉलेजात तक्रार नाही. हा प्रयोगशाळेत काय करू शकतो, हे त्यात कुठेच नसतं.

यावर आम्हा प्राध्यापकांनी काढलेला तोडगा म्हणजे, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग मुलगा कुठून तरी तयार नमुना उतरवतो. धुळे जिल्ह्यातला हा मुलगा दुसऱ्या परिच्छेदात अचानक 'ती' होतो आणि तिसऱ्यात त्याने मार्केटिंगमध्ये उत्तम नेतृत्व केलेलं असतं. शिवाय एकाच सरांच्या सहीने दोन मुलांची शब्दशः सारखी पत्रं एकाच समितीकडे गेली, तर दोघांचंही पाणी समितीला एकदमच कळतं.

या गर्दीत एखाद्या वर्षी फाइलवाला येतो.

त्याची पहिली खूण म्हणजे तो शेवटच्या तारखेच्या तीन आठवडे आधी येतो. दुसरी खूण अधिक दुर्मिळ. तो पत्र मागण्याआधी विचारतो, "सर, पत्र लिहिण्याइतकं तुम्ही मला ओळखता का? नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन." सरांना नाही म्हणायची वाट ठेवणारा विद्यार्थी पाहून सर आधी गांगरतात. पण त्याचा हिशेब पक्का असतो. ओढूनताणून लिहिलेलं कोमट पत्र अर्जाला उचलण्याऐवजी खाली ओढतं, हे त्याला ठाऊक असतं.

सर हो म्हणाले, की त्याच रात्री ईमेल येतो. समजा, त्याला बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी आणि दिल्ली व प्रयागराजच्या अकादम्या मिळून देतात ती उन्हाळी संशोधन फेलोशिप हवी आहे. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करायचं, अशी ती योजना. ईमेलच्या पहिल्या चार ओळींतच सगळा कारभार उरकलेला असतो : फेलोशिप कशाची, शेवटची तारीख कोणती, पत्र लेटरहेडवर हवं की दुव्यावर चढवायचं, आणि अर्जात जसं आहे तसं स्वतःचं नाव, आडनावाच्या स्पेलिंगसकट. पाटील काय किंवा सोनवणे काय, स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं, की पत्र एकाचं आणि अर्ज दुसऱ्याचा अशी अवस्था होते.

त्याखाली खरा ऐवज. सरांनी आपल्याला काय काय शिकवलं, कोणत्या वर्षी, गुण किती. आणि मग दोन-तीन प्रसंग, सरांनी स्वतः पाहिलेले. एक असा :

"सर, टी.वाय.च्या प्रोजेक्टमध्ये मी गच्चीवर दोन छोटी सोलर पॅनेल लावली होती. आपल्याकडे शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे, तिथली धूळ पाहून हा विषय सुचला. एक पॅनेल रोज पुसायचो, दुसरं तसंच ठेवायचो, आणि दुपारी बाराला दोन्हींचा करंट मल्टिमीटरवर मोजायचो. पहिल्या आठवड्यात पुसलेलं पॅनेलच कमी करंट द्यायला लागलं. तुम्ही विचारलंत, 'पॅनेलं मुळात सारखी आहेत का?' मग मी दोन्ही स्वच्छ करून शेजारी-शेजारी मोजली, तेव्हा ती सारखी नव्हती. पुढे दर आठवड्याला दोन्हींची अदलाबदल करून मोजलं. जुनी रीडिंग खोडली नाहीत, वहीत तशीच ठेवली. वहीची पानं सोबत जोडतो."

हे वाचताना सरांना गच्ची आठवते, ऊन आठवतं आणि आपण प्रश्न विचारला होता हेही आठवतं. पत्र जवळपास लिहूनच होतं. 'कष्टाळू' हा शब्द लिहायची गरजच उरत नाही, कारण रीडिंग उलटी आल्यावर आकडे दडपायचे सोडून उपकरण तपासणारा मुलगा कसा असतो, हे समितीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. तोही आयुष्यभर मल्टिमीटरशीच भांडलेला असतो.

लक्षात घ्या, फाइलवाला स्वतःविषयी एकही विशेषण लिहीत नाही. तो फक्त काय घडलं ते देतो, निवाडा सरांवर सोडतो. दुसरं पत्र गणिताच्या मॅडम देणार असतील, तर तेही कळवतो : "मॅडम माझ्या गणिताबद्दल लिहिणार आहेत. तुम्ही प्रयोगाबद्दल लिहिलंत तर बरं." म्हणजे दोन पत्रं एकच आरती म्हणत नाहीत. सोबत अर्जातलं निवेदन आणि एका पानाची माहिती जोडलेली असते. आणि पत्र दाखवा असं तो चुकूनही म्हणत नाही. विद्यार्थ्याच्या नजरेखालून गेलेल्या स्तुतीला समितीत फारसा भाव नसतो, हे त्याने ओळखलेलं असतं.

हा मुलगा निव्वळ गुणांचा पुतळा आहे असंही नाही. त्याच्या फाइलीला चार रंगांच्या चिकटपट्ट्या असतात. शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी तो आठवण करतो, ते ठीक. पण पुढे सर स्टँडवर चहा पीत असताना मागून आवाज येतो, "सर, स्पॅम बघितलंत का?" सर चिडतात, मोबाइल काढतात, आणि अकादमीचा दुवा खरोखरच स्पॅममध्ये, लॉटरीच्या बक्षिसाशेजारी पडलेला असतो. अशा दुव्यांची हीच नेहमीची जागा. शिवाय बऱ्याच अर्जांना सरांचा कॉलेजचा ईमेल लागतो. सरांना त्याचा पासवर्ड आठवत नाही, हे गृहीत धरूनच फाइलवाला तीन आठवडे हातात ठेवतो.

निकाल लागला, की तो येऊन सांगतो. निवड झाली नसली तरीही सांगतो. कोरा शिफारसार्थी निवड झाल्यावर थेट बंगळुरूहून स्टेटस टाकतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा रात्री बाराच्या आत उगवतो.

पत्र कोणत्याही जादूने चांगलं होत नाही. सरांना मुलं शेकड्याने असतात आणि आठवण एकच. म्हणून पुढच्या वेळी सरांच्या दाराशी याल, तेव्हा वहीची पानं, तारखा आणि आडनावाचं खरं स्पेलिंग घेऊन या. विशेषणांचा साठा आमच्याकडे भरपूर आहे.