तारीख लिहून द्या, दिवस मोजून द्या

मा. शाखा व्यवस्थापक यांस,



माझ्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा मोरॅटोरियम कोणत्या तारखेला संपला आणि तेव्हापासून पहिल्या हप्त्यापर्यंत किती दिवसांचं व्याज कोणत्या रकमेवर लावलं, हे मला आपल्याकडून लेखी हवं आहे. तोंडी विचारून झालं. खिडकीवर सांगतात, ‘सिस्टिमनं घेतलंय’. फोनवर सांगतात, शाखेत या. आपण स्वतः भेटलात तेव्हा म्हणालात की खातेउताऱ्यात सगळं असतं. उतारा मी घेतला आहे. त्यात व्याजाची रक्कम आहे, पण ती किती दिवसांची आणि कशावरची हे कुठेच नाही. म्हणून हे पत्र, आणि याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोहोच द्यावी ही विनंती.

कर्ज चार लाखांचं आहे. अभियांत्रिकीच्या चार वर्षांसाठी दरवर्षी एक लाख, अशी उचल झाली. मंजुरीपत्रात परतफेडीची अट स्पष्ट आहे: अभ्यासक्रमाचा कालावधी आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नाही. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतही हेच आहे. या काळात व्याज लागत राहतं, पण ते सरळ व्याज असतं, म्हणजे फक्त उचललेल्या मुद्दलावर. परतफेड सुरू होताना साठलेलं व्याज मुद्दलात मिळवतात आणि त्या एकत्रित रकमेचे हप्ते पाडतात. इथवर माझी काहीच तक्रार नाही. व्याज माफ करा असं मी म्हणत नाही. आमचं कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांच्या वर असल्यामुळे केंद्राच्या व्याज अनुदानातही आम्ही बसत नाही, तेव्हा जे व्याज आहे ते आम्हीच भरणार आहोत.

वाद फक्त एका तारखेचा आहे. मंजुरीपत्रात अभ्यासक्रम संपण्याची तारीख ३१ जुलै २०२४ लिहिली आहे. त्यावर बँकेची सही आहे, आमची आहे, मुलीची आहे. त्या हिशेबानं मोरॅटोरियम ३१ जुलै २०२५ ला संपतो. उताऱ्यात मात्र साठलेलं व्याज ३१ मे २०२५ लाच मुद्दलात मिळवलेलं दिसतं. याचा अर्थ आपल्या संगणकात अभ्यासक्रम ३१ मे २०२४ ला संपला आहे. चार वर्षांची पदवी मे महिन्यात संपते, असं गृहीत धरून कुणीतरी ती तारीख भरली असावी. पण मुलीची ती तुकडी २०२० ची. त्या वर्षी कोरोनामुळे सीईटी लांबली, प्रवेशफेऱ्या लांबल्या आणि पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. मंजुरीपत्रातली जुलैची तारीख म्हणूनच आली होती. ती महाविद्यालयाच्या बोनाफाईड दाखल्यावरून घेतली होती आणि तो दाखला आपल्या फाइलमध्ये आहे.

दोन महिन्यांनी काय होतं, असं मला शाखेत विचारलं गेलं. काय होतं ते आकड्यांत सांगतो. सध्याचा दर १०.५ टक्के आहे. चार लाखांवर वर्षाचं व्याज ४२,००० रुपये, म्हणजे दिवसाचं ११५ रुपये ७ पैसे. ३१ मे रोजी साठलेलं व्याज उताऱ्यात १,२८,००० रुपये आहे. ते मुद्दलात मिळवल्याबरोबर बाकी ५,२८,००० झाली आणि दिवसाचं व्याज १५१ रुपये ८९ पैसे झालं. जून आणि जुलै मिळून ६१ दिवस. मंजुरीपत्राप्रमाणे या ६१ दिवसांचं व्याज ७,०१९ रुपये व्हायला हवं होतं. आपल्या तारखेप्रमाणे ते ९,२६५ होतं. फरक २,२४६ रुपयांचा. जूनचं व्याज जूनअखेर पुन्हा बाकीत मिळवलं असेल तर तो आणखी थोडा वाढेल, पण ते मला उताऱ्यावरून कळत नाही.

हे २,२४६ रुपये एकदा भरून संपत नाहीत. ते मुद्दलात गेले आहेत आणि परतफेडीची मुदत दहा वर्षांची आहे. याच दरानं दहा वर्षांच्या हप्त्यांत त्यांचे साडेतीन हजारांच्या वर होतात. हप्ता जेमतेम तीस रुपयांनी वाढतो, म्हणून तो कुणाच्या डोळ्यावर येत नाही. ज्या मुलीनं नोकरीला लागून पहिल्या पगारापासून हप्ता सुरू केला, तिला आपण काय भरतो आहोत हे कळायलाच हवं, मग ती रक्कम तीस रुपये का असेना.

दुसरा प्रश्न १ ऑगस्टपासून पहिला हप्ता कापला गेला त्या १० ऑगस्टपर्यंतच्या दिवसांचा. या दिवसांचं व्याज आम्ही देणं लागतो, ते नाकारत नाही. पण ते कशावर? आदर्श योजनेत सरळ व्याजाची हद्द परतफेड सुरू होईपर्यंत आहे. परतफेड सुरू होणं म्हणजे मोरॅटोरियम संपण्याचा दिवस की पहिल्या हप्त्याचा दिवस? आपल्या बँकेनं यांतला कोणता अर्थ घेतला आहे आणि तो मंजुरीपत्राच्या कोणत्या कलमात आहे, ते लिहून द्यावं. पहिला अर्थ असेल तर हे दिवस वाढीव बाकीवर मोजले जातील, दुसरा असेल तर चार लाखांवर. मला कोणताही अर्थ आधी ठरवून घ्यायचा नाही. कागदावर जो असेल तो मान्य आहे.

तिसरी गोष्ट चौथ्या वर्षाच्या शुल्काची. त्या वर्षी बँकेनं महाविद्यालयाच्या नावे डिमांड ड्राफ्ट काढला. ड्राफ्टवरच्या तारखेला रक्कम कर्जखात्यावर नावे पडली, पण ड्राफ्ट आमच्या हातात सहा दिवसांनी आला, कारण सही करणारे अधिकारी रजेवर होते. एक लाखाचं आजच्या दरानं दिवसाचं व्याज २८ रुपये ७७ पैसे, सहा दिवसांचं १७२ रुपये ६० पैसे. हे पैसे त्या सहा दिवसांत ना महाविद्यालयाकडे होते ना आमच्याकडे. रिझर्व्ह बँकेनं २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमक्या अशाच गोष्टींवर बोट ठेवलं आहे: कर्ज प्रत्यक्ष देण्याऐवजी मंजुरीच्या किंवा कराराच्या तारखेपासून व्याज लावणं, धनादेश ग्राहकाला बऱ्याच दिवसांनी देऊनही व्याज धनादेशाच्या तारखेपासून लावणं, महिन्याच्या मध्ये कर्ज दिलं किंवा फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज घेणं. असं जास्तीचं व्याज जिथे तपासणीत सापडलं तिथे ते परत करायला लावलं, असंही त्यात म्हटलं आहे. आमचा ड्राफ्ट २०२३ चा आहे, परिपत्रक नंतरचं आहे, हे मला माहीत आहे. तरीही कर्जाची रक्कम देण्याची आणि त्यावर व्याज लावण्याची पद्धत तपासून पाहा असं त्या परिपत्रकानं सांगितलं आहे, आणि ती तपासणी माझ्या खात्याचीही व्हावी.

व्याजावरच्या व्याजाचा हा प्रश्न नवा नाही. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं आधी २७ मार्चला आणि मग २३ मेला परिपत्रक काढून १ मार्च ते ३१ ऑगस्ट असे सहा महिने हप्ते लांबवण्याची सवलत दिली होती. त्या सहा महिन्यांतलं चक्रवाढ आणि सरळ व्याज यांतला फरक केंद्र सरकारनं दोन कोटींपर्यंतच्या कर्जांसाठी परत दिला. पुढे २३ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं कर्ज कितीही असो, त्या काळात व्याजावर व्याज लावता येणार नाही असा निकाल दिला. तो निकाल त्या सहा महिन्यांपुरता आहे, माझ्या प्रकरणाला तो थेट लागू होत नाही. पण तेव्हा सवलत कधी सुरू झाली आणि कधी संपली या दोन्ही तारखा देशात सगळ्यांना ठाऊक होत्या, म्हणून फरक किती हे कुणालाही मोजता आलं. माझ्या खात्याची तारीख फक्त आपल्या पडद्यावर आहे.

आणि हे एकट्या माझ्या खात्याचं नाही, म्हणून एवढ्या विस्तारानं लिहितो आहे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातून पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेल्या कितीतरी मुलांची कर्जं तालुक्याच्या शाखांत आहेत. ज्यांना केंद्राचं व्याज अनुदान मिळतं त्यांना तर चुकीची तारीख जास्त महागात पडते, कारण अनुदान मोरॅटोरियमपुरतंच असतं आणि तो दोन महिने आधी संपला की त्या दोन महिन्यांचं व्याज घरावर येतं. २०२५ च्या सप्टेंबरात भूम, परंड्यात पुरानं शेतं खरवडून नेल्यावर शासनानं शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती दिली. स्थगितीत हप्ता थांबतो, व्याज थांबतंच असं नाही. त्या शेतकऱ्यांनाही उद्या हाच प्रश्न पडणार आहे की स्थगिती कधी संपली आणि मधल्या दिवसांचं व्याज कशावर मोजलं. तारीख लिहून देण्याची सवय शाखेला आजपासून लागली तर त्यांना माझ्यासारखं पत्र लिहावं लागणार नाही.

तेव्हा आपल्या बँकेच्या शिक्क्यानिशी एका कागदावर मला पुढील माहिती द्यावी. संगणकात अभ्यासक्रम संपल्याची तारीख कोणती आहे, ती कोणत्या कागदावरून भरली आणि त्यानुसार मोरॅटोरियम कधी संपला. व्याज मुद्दलात कोणत्या दिवशी मिळवलं आणि किती. १ जून २०२५ ते १० ऑगस्ट २०२५ या काळातलं व्याज दिवस, दर आणि रक्कम अशा तीन रकान्यांत. तारीख मंजुरीपत्राशी जुळत नसेल तर ती दुरुस्त करून जास्तीचं व्याज मूळ तारखेपासून खात्यात जमा करावं आणि हप्त्यांचा नवा तक्ता द्यावा. आज जमा दाखवून भागणार नाही, कारण मधल्या महिन्यांत त्या रकमेवरही व्याज चढलं आहे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेल्या उत्तरात तारीख आणि दिवस नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करण्याचा मार्ग मला मोकळा आहे. त्याला शुल्क लागत नाही. मला तिथे जाण्याची हौस नाही, माहिती शाखेतूनच मिळावी अशी माझी इच्छा आहे. पण ३१ व्या दिवशी मी तक्रार दाखल करणार आहे, आणि पोहोच मागितली आहे ती त्यासाठीच.

कळावे.

आपला,
सहकर्जदार पालक, कळंब

सोबत: मंजुरीपत्राची प्रत, महाविद्यालयाचा दाखला, कर्जखात्याचा उतारा, ड्राफ्टची छायाप्रत आणि तो हाती मिळाल्याच्या तारखेची नोंद.