एचएमटीचा अभ्यासक

पारशिवनीत, धान पिकवणाऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसानं 'मला भात येत नाही' म्हणायचं तरी कसं? त्यामुळे रोवणीला निघताना आईनं "जमते ना रे?" विचारलं, तेव्हा मी नुसता हसलो. पोरगा 22 दिवसांचा. बाळंतिणीला मऊ भात आणि वर तूप, एवढंच तर काम.

एक वाटी तांदूळ, अडीच वाट्या पाणी, जर्मनचा पातळ गंज. आतून बायको म्हणाली, "उकळी आली की आच कमी करा, अन् झाकण ठेवा." मी झाकण तेवढं ठेवलं. ती सकाळपासून उपाशी होती. मोठ्या आचेवर भात लवकर होईल, हा माझा हिशेब.

तेवढ्यात पोरगा रडला. त्याला मांडीवर घेतलं आणि गंजात शिजतोय तो एचएमटी तांदूळ कुणाचा, हे सांगायला बसलो. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे. जमीन थोडकी. 1983 साली धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कुणी त्या इतर धानासोबत झोडपून मोकळा झाला असता. दादाजींनी दाणे वेगळे ठेवले, वेगळे पेरले, पुन्हा निवडले, अशी वर्षं काढली. नाव पडलं तेव्हाच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून. दाणा बारीक, भात मोकळा. तो विदर्भाबाहेरही गेला, पैसा मात्र दादाजींच्या वाट्याला फारसा आला नाही. 2018 मध्ये ते गेले. इथे माझा आवाज भरून आला. पोरगा झोपला होता.

स्वयंपाकघरातली खदखद थांबून तडतड सुरू झाली होती. आधी लाह्या भाजल्यासारखा वास आला, तोही मला बरा वाटला. मग धूर.

पाणी एकदा उकळलं की आच कितीही वाढवा, ते आणखी तापत नाही. लवकर आटतं एवढंच. बुडाशी पाणी संपलं की तिथला दाणा जळायला लागतो आणि वरच्या दाण्याची कणी मात्र तशीच राहते. हे आता सांगतोय. तेव्हा मी पळी घातली आणि खालचा कोळसा वर आणायला निघालो.

"ढवळू नका!"

ती कमरेवर हात ठेवून दारात उभी होती. गॅस बंद करून तिनं वरचा पांढरा भात अलगद दुसऱ्या गंजात काढला, बुडाची खरवड तशीच सोडली. अर्धी वाटी गरम पाणी शिंपडलं, खाली तवा ठेवून बारीक आचेवर दहा मिनिटं झाकला. रात्री ती चारदा उठली होती. मी एकदाही नाही. एवढा वेळ तिला उभं राहावं लागलं, याची लाज मला करपल्या वासापेक्षा जास्त झोंबली.

तूप घालून तिनं तो भात खाल्ला. वास होताच.

संध्याकाळी आई आली. आधी गंजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एचएमटीच होता ना?" एवढंच विचारलं.

गंज अजून अंगणात भिजतो आहे.