तेरा गुरुवार

आमच्या कॉलेजच्या फळ्यावर इंटर्नशिपच्या जाहिराती लागत. त्या सगळ्या टॉपरांच्या वाट्याला गेल्यावर आम्हा उरलेल्यांसाठी फळा तेवढा उरे. तेव्हा मी ठरवलं की ज्या कंपनीने काही मागितलंच नाही, तिलाच पत्र लिहायचं. मागितलेलंच नसल्यामुळे नाकारताना तिलाही जरा संकोच वाटेल, असा माझा हिशेब होता.

कंपनी भोसरीतली. दोन सीएनसी लेथ, अकरा माणसं आणि एक कुत्रा. काकांच्या पंपाचा एक पार्ट करून घ्यायला मी तिथे गेलो होतो आणि ‘पाच मिनिटं बसा’ या आमंत्रणावर सत्तर मिनिटं बसलो. एक जॉब संपवून दुसरा लावायचा होता. तिथे याला ‘सेटिंग’ म्हणतात. चकमध्ये जॉब धरणारे सॉफ्ट जॉ त्या जॉबच्या मापाला बोअर करून ठेवलेले असतात. पण कुठे ठेवलेत, हे ते करणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो गावी यात्रेला गेलेला. ऑपरेटरने रंगाच्या डब्यातून एकेक जॉ काढून व्हर्नियरने मोजला. पंचवीस मिनिटं त्यात गेली. दहा मिनिटं ॲलन की शोधण्यात गेली. ती कुत्र्याच्या पोत्याखाली निघाली. पहिला पीस तपासणारा क्वालिटीवाला चहाला गेला होता, त्याची पंधरा. प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचं. वेळ घालवायला म्हणून मी हे सगळं बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलं.

पत्राचा पहिला खर्डा दोन पानी झाला. ‘आपल्या नामांकित संस्थेत’ इथून सुरुवात, मग माझी जिज्ञासू वृत्ती, मग वक्तृत्वातलं उत्तेजनार्थ बक्षीस. शिवाय जपानच्या शिगेओ शिंगो यांची SMED पद्धत वापरून सेटिंग ‘सिंगल मिनिट’मध्ये आणण्याचं वचन. काका स्वतः वर्कशॉपवाले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, “एका मिनिटात जॉब बदलणार तू?” मी म्हटलं, “नाही काका, सिंगल म्हणजे एक आकडी. दहाच्या आत.” “मग तसं लिही. आणि हे बक्षीस कुठल्या मशीनवर बसवायचं?”

दुसरा खर्डा बिलाच्या पाठीवरून उतरला. पहिलीच ओळ अशी: ‘मंगळवारी आपल्या दोन नंबरच्या मशीनवर सेटिंगला सत्तर मिनिटं लागली, पैकी पस्तीस शोधाशोधीत गेली.’ पुढे लगेच कबुली, की मी एकच सेटिंग पाहिलंय. रोज असंच होतं की त्या दिवशी यात्रेमुळे झालं, हे मला माहीत नाही. ही ओळ मला काढायची होती, पण काकांनी ती राखली. म्हणाले, “ही नसली तर तो म्हणेल, आला शहाणा.”

एकच सेटिंग पाहिलेलं, म्हणून पत्रातली योजना अशी: पहिले दोन आठवडे फक्त घड्याळ लावून बघायचं. शोधाशोध खरोखरच मोठी निघाली नाही तर पंधराव्या दिवशी मी नमस्कार करून निघेन, हेही लिहिलं. पुढचा दीड महिना एकाच मशीनवर काम: प्रत्येक जॉच्या सेटवर पार्ट नंबर ठोकायचा, मांडणीला जागा करायची आणि पुढच्या जॉबचे जॉ, टूल, ड्रॉइंग आधीचा जॉब चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायचे. शिंगोंचं सांगणं मुळात एवढंच, की मशीन चालू असताना जे करता येतं ते मशीन थांबवून करू नका. शेवटचा महिना पुन्हा मोजमाप, तेही बाजूला राहून, कारण मी समोर उभा असताना सगळेच झपाझप हात चालवणार.

मला काय हवं, ते चार ओळींत: एक मशीन, ऑपरेटरची रोज दहा मिनिटं, नंबर ठोकायचे पंच आणि शेवटी मालकांच्या सहीचं पत्र. मशीनला हात लावणार नाही, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचा फोटो काढणार नाही. ‘मानधन ऐच्छिक’ असंही लिहिलं होतं. ते काकांनी खोडलं. “ऐच्छिक म्हटलं की कुणाची इच्छा होत नाही. बसभाडं माग.”

एका पानाचं ते पत्र मी स्वतः नेऊन दिलं. मालकांनी उभ्याउभ्याच वाचलं. पस्तीस मिनिटांपाशी थांबून त्यांनी ऑपरेटरकडे पाहिलं, ऑपरेटरने माझ्याकडे पाहिलं. (ते पाहणं मला पुढे महिनाभर पुरलं. पत्रात ऑपरेटरचा नव्हे, रंगाच्या डब्याचा दोष लिहायला हवा होता.) मग ते शेवटच्या ओळीशी आले आणि हसायला लागले. दर आठवड्याला अर्धा तास बसून आढावा घेऊ, असं मी लिहिलं होतं, आणि सोबत तेरा आठवड्यांच्या तेरा तारखाही दिल्या होत्या. तेराही गुरुवार.

“बसभाडं देतो,” ते म्हणाले, “पण गुरुवारी भोसरीला सुट्टी असते.”

तेव्हा असं पत्र लिहिणार असाल तर त्या कंपनीची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्या. वॉचमनही सांगतो.