‘चांगला’ या शेऱ्याविरुद्ध नम्र अर्ज

मे महिन्यात पुण्यात घरोघरी दोन पेट्या उघडतात. एक आंब्याची, दुसरी अप्रेझलची. आंब्याच्या पेटीत निदान वरचा थर तरी बरा निघतो.

आमच्या सोसायटीतल्या हिंजवडीकर तरुणाला यंदा पाचपैकी तीन मिळाले. तीन म्हणजे ‘अपेक्षेप्रमाणे काम’. अपेक्षेप्रमाणे वागल्याबद्दल माणसाला सुतक लागल्यासारखं वाटावं, अशी ही एकमेव व्यवस्था असेल. दोन दिवस तो लिफ्टमध्ये कोणाशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं फेरविचाराची विनंती करणारं चार पानी पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी ‘आस्थापनावाल्या काकांना’ दाखवायला आणलं. मी तिथे चहाला होतो, म्हणून हे सदर.

काकांची उभी हयात एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली. साहेबलोकांचे गोपनीय अहवाल ज्या कपाटात असत, त्याची किल्ली त्यांच्याकडे असे. रेटिंग म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. महाराष्ट्र शासनात ती शिडीच आहे: अत्युत्कृष्ट, उत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला, आणि मग साधारण. ‘चांगला’ हा ‘निश्चित चांगला’च्या खाली असतो, म्हणजे त्याच्या चांगुलपणाची सरकारला खात्री नसते. काकांच्या मते ज्याच्याशी भांडण आहे त्याला ‘साधारण’ देऊ नये, कारण तो लगेच अपील करतो. ‘चांगला’ द्यावं. माणूस घरी जाऊन पेढे वाटतो आणि बढतीच्या यादीत नाव का नाही, याचा विचार पुढची दहा वर्षं करत बसतो.

ही काकांची अतिशयोक्ती वाटत असेल, तर देवदत्त यांचं प्रकरण पाहा. सीमा रस्ते संघटनेतले हे अभियंते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ हा शेरा लागत असे. त्यांच्या पाचपैकी एका वर्षी, 1993-94 मध्ये, कोणीतरी नुसतं ‘चांगला’ लिहिलं. 1994 साली त्यांना वगळून कनिष्ठांना बढती मिळाली. तो शेरा मात्र त्यांना कधी कळवलाच नाही, कारण तेव्हाच्या नियमानुसार फक्त प्रतिकूल शेरा कळवायचा असे, आणि ‘चांगला’ला प्रतिकूल कसं म्हणणार? हे ठरवायला 12 मे 2008 उजाडला. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की ज्या शेऱ्यानं बढती हुकते तो, नाव काहीही असो, प्रतिकूलच. सैन्यदल वगळता सरकारी सेवेत प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे आणि त्याला त्यावर म्हणणं मांडू दिलं पाहिजे. तोवर देवदत्त निवृत्त झाले होते. न्यायालयानं त्यांना बढती दिली नाही. तो जुना ‘चांगला’ त्यांना दोन महिन्यांत कळवा, पुढच्या दोन महिन्यांत त्यांनी हवं तर निवेदन द्यावं आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत त्यावर निर्णय घ्या, असा आदेश दिला. अर्ज करण्याचा अधिकार मिळवायला चौदा वर्षं गेली. पुढच्याच वर्षी, मे 2009 मध्ये, केंद्रानं नियम केला: पूर्ण अहवाल दाखवायचा, कर्मचाऱ्यानं पंधरा दिवसांत म्हणणं मांडायचं, वरिष्ठांनी तीस दिवसांत निर्णय द्यायचा.

हिंजवडीला हे लागू नाही. तिथे रेटिंग लगेच दाखवतात, तेही रंगीत तक्त्यात. शिवाय ‘मला मान्य आहे’ असं वाटायला लावणारं एक बटण देतात. ते दाबल्याशिवाय पगारवाढीचं पत्र उघडत नाही.

तर काकांनी चार पानी मसुदा हातात घेतला. पहिल्या पानावर ‘मला जबर धक्का बसला आहे’ होतं. ते खोडलं. ‘धक्क्याला पुरावा काय जोडणार? ईसीजी?’ दुसऱ्या पानावर सहा वर्षांची निष्ठा, वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आणि ताप असताना केलेलं काम होतं. तेही गेलं, कारण रेटिंग एका वर्षाचं आणि हप्ता बँकेचा. तिसऱ्या पानावर अकरा वाजता येऊन चार मिळवणारा शेजारच्या टेबलावरचा सहकारी होता. काकांनी त्याच्यावर लाल पेन दोनदा फिरवलं. ‘अरे, त्याचं रेटिंग तुला कसं कळलं, याचीच आधी चौकशी लागेल.’ चौथ्या पानाच्या शेवटी ‘अन्यथा मला वेगळा विचार करावा लागेल’ अशी धमकी होती. ‘दुसरीकडची ऑफर हातात आहे का?’ नव्हती. मग विचारही खोडला.

चार पानांत उरलं ते त्याचं नाव आणि तारीख. ‘आता उद्दिष्टांचा कागद आण,’ काका म्हणाले.

तो कागद म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला दोघांनी सह्या केलेला आणि त्यानंतर कोणीही न उघडलेला फॉर्म. त्यात चार उद्दिष्टं होती. वजन अनुक्रमे 40, 30, 20 आणि 10 टक्के. मॅनेजरनं दिलेले गुण 4, 2, 4 आणि 3. काकांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार केला. बेरीज 3.3, म्हणजे पूर्णांकात 3. हिशेब बरोबर होता. दुखणं होतं दुसऱ्या उद्दिष्टात. बिलिंगचं नवं मॉड्यूल 30 सप्टेंबरला द्यायचं होतं, दिलं 12 ऑक्टोबरला. शेरा: ‘मुदत पाळली नाही.’

‘का नाही पाळली?’

‘काका, क्लायंटनं 4 सप्टेंबरला करांचा अख्खा हिशेबच बदलायला सांगितला. मग मॅनेजरनीच नवी तारीख 15 ऑक्टोबर ठरवली.’

‘तोंडी?’

‘नाही, 9 सप्टेंबरचा मेल आहे.’

काकांचा चेहरा उजळला. पस्तीस वर्षं कागद सांभाळणाऱ्याला असा मेल म्हणजे खजिना. नव्या तारखेच्या तीन दिवस आधीच काम झालं होतं, फक्त फॉर्ममधली जुनी तारीख कोणी बदलली नव्हती. मॅनेजरनं मार्चच्या शेवटच्या रात्री बाराजणांचे फॉर्म भरताना तीच वाचली आणि दोन गुण देऊन तो झोपायला गेला.

मुलाला आता त्या दोनचे पाच हवे होते. काकांनी पुन्हा गुणाकार केला. दोनचे नुसते तीन झाले, तरी एकूण 3.6 होतात आणि पूर्णांकात 4. ‘पाच मागितलेस तर तुझी हुशारी तपासतील. तीन मागितलेस तर फक्त तारीख तपासावी लागेल. तारीख तपासणं सोपं असतं आणि त्यात साहेबांचा अपमानही होत नाही.’

पुराव्यांच्या बाबतीत मुलाचा उत्साह काकांना आवरावा लागला. त्यानं क्लायंटची पत्रं, कौतुकाचे संदेश आणि अंगठ्याच्या चित्रांचे स्क्रीनशॉट मिळून तीसेक जोडपत्रं काढली होती. काकांनी तीन ठेवली: उद्दिष्टांचा फॉर्म, 9 सप्टेंबरचा मेल आणि 12 ऑक्टोबरला क्लायंटनं काम स्वीकारल्याची नोंद. कौतुक कशाला नको, तर कौतुकानं मुदत सिद्ध होत नाही. आणि क्लायंटचे मेल तो स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून प्रिंट काढणार होता, तेही मी आणि काकांनी मिळून थांबवलं. रेटिंग सुधारायला निघालेल्या माणसावर माहिती बाहेर नेल्याची कारवाई होऊ शकते. ऑफिसच्याच यंत्रणेतून जोडायचं, आणि जे जोडता येत नाही त्याचा दिनांक व विषय लिहायचा.

अंतिम पत्र इंग्रजीत गेलं. मराठीत ते असं:

‘महोदय, 2 मे रोजी माझे वार्षिक रेटिंग (3) मिळाले. उद्दिष्ट क्र. 1, 3 व 4 च्या गुणांबद्दल माझे काही म्हणणे नाही. उद्दिष्ट क्र. 2 मध्ये मुदत 30 सप्टेंबर धरली आहे. क्लायंटने 4 सप्टेंबर रोजी आवश्यकता बदलल्याने आपण 9 सप्टेंबरच्या मेलद्वारे मुदत 15 ऑक्टोबर केली होती (जोडपत्र 2). काम 12 ऑक्टोबर रोजी स्वीकारले गेले (जोडपत्र 3). सुधारित मुदत लक्षात घेऊन या उद्दिष्टाचे गुण 2 ऐवजी 3 करावेत, ही विनंती. तसे झाल्यास भारित सरासरी 3.3 ऐवजी 3.6 होते. आपल्या सोयीनुसार पंधरा मिनिटे भेट मिळाल्यास आभारी राहीन.’

पत्रात एकही विशेषण नव्हतं. मुलाला ते फारच कोरडं वाटलं. त्याला निदान ‘अत्यंत खेदाने’ तरी घालायचं होतं. काका म्हणाले, ‘खेद त्यांना वाटू दे.’

उत्तर अकराव्या दिवशी आलं, आणि कंपनीच्या प्रामाणिकपणाला दाद द्यावी असं होतं. दुसऱ्या उद्दिष्टाचे गुण सुधारून 3 केले आहेत. भारित सरासरी 3.6 झाली आहे. तारखेकडे लक्ष वेधल्याबद्दल आभार. अंतिम रेटिंग मात्र, प्रमाणीकरणानंतरच्या वितरणानुसार, 3 कायम राहील.

प्रमाणीकरण म्हणजे ती बंद दाराआडची बैठक, जिथे मॅनेजर आपापली माणसं घेऊन बसतात आणि घंटेच्या आकाराच्या वक्रात कोंबतात. शंभरांत पाच किती, चार किती, हे आधीच ठरलेलं. कल्पना अमेरिकेची. जनरल इलेक्ट्रिकच्या जॅक वेल्शनं वीस-सत्तर-दहा अशी वाटणी करून वर्षाकाठी तळाचे दहा टक्के लोक काढायची पद्धत गाजवली. मायक्रोसॉफ्टनं 2013 मध्ये अशी सक्तीची क्रमवारी सोडून दिली. आपल्याकडे मात्र परदेशात टाकून दिलेली वस्तू अजून चांगली चालते. ती बैठक एप्रिलमध्ये झाली. चारची खुर्ची भरली. मुलगा 3.6 आहे हे मे महिन्यात सिद्ध झालं, पण त्याला चार द्यायचे तर बसलेल्या कोणाला तरी उठवावं लागेल, आणि त्याला पगारवाढीचं पत्रही गेलं आहे. गणित सुधारणं सोपं होतं. उठवणं कोणाच्या अधिकारात येतं, हे कोणालाच माहीत नव्हतं.

काका मात्र नाराज नाहीत. त्यांच्या हिशेबी चूक लेखी मान्य झाली, ती नोंद राहिली, आणि पुढच्या वर्षी बढतीचा विषय निघाला की हे उत्तर जोडपत्र 1 होईल. त्यांनी मुलाकडून एका वाक्याचं दुसरं पत्रही लिहून घेतलं आहे: प्रमाणीकरणाचे निकष आणि विभागात कोणत्या रेटिंगला किती जागा होत्या, हे कळावे. त्याचं उत्तर आलेलं नाही.

वाचकांपैकी ज्यांचं वर्ष मार्चमध्ये संपतं, त्यांनी एवढंच करावं. मुदत बदलली की त्याच आठवड्यात फॉर्ममधली तारीख बदलून घ्या. आणि प्रमाणीकरणाची बैठक कधी आहे, हे मॅनेजरला फेब्रुवारीतच विचारून तिच्या आधी जोडपत्रं त्याच्या हातात द्या. बैठकीनंतर दिलेलं पत्र फक्त फायलीला लागतं.