हजर होणे आणि दुरुस्त करणे: लिफ्ट कंपनीस खुले पत्र

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,
आमच्या लिफ्टची देखभाल जिच्याकडे सोपवली आहे अशी आपली (निदान बिलावर तरी) कंपनी

विषय: करारातील कलम ७ (प्रतिसादाचा कालावधी) व कलम ११ (दंड) यांचे सविनय स्मरण

स. न. वि. वि.

आपला करार सोसायटीने सही करण्यापूर्वी पूर्ण वाचला होता, हे कळल्यावर आपल्याला धक्का बसेल याची कल्पना आहे, म्हणून आधीच क्षमस्व. करार वार्षिक ६०,००० रुपयांचा, कर वेगळा, आणि तिमाही बिल १५,००० रुपयांचे. आपले बिल कधीही उशिरा आलेले नाही, हे समितीने कौतुकाने नमूद केले आहे.

कलम ७ म्हणते की तक्रार नोंदवल्यापासून दोन तासांत मेकॅनिक हजर होईल. जुलैच्या पहिल्या शनिवारी सकाळी ९.१० वाजता लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये थांबली. सुदैवाने आत फक्त दुधाच्या पिशव्या होत्या. तक्रार आपल्या कॉल सेंटरवर नोंदवली आणि तिचा नंबर घेतला. हे मुद्दाम सांगतो, कारण आपली माणसे वॉचमनला प्रेमाने सांगून ठेवतात की, “काका, डायरेक्ट माझ्या मोबाइलवर फोन मारा.” मोबाइलवर केलेला फोन कराराच्या घड्याळाला ऐकू येत नाही. हे प्रेम आपल्याला किती स्वस्तात पडते, ते आता आमच्या वॉचमनलाही समजले आहे.

मेकॅनिक दुपारी ३.४० ला आले. करारात त्यांना दोन तास होते, त्यांनी साडेसहा घेतले. त्यांनी मशीन रूममध्ये जाऊन मेन स्विच बंद केला, पुन्हा चालू केला, लिफ्ट वर-खाली दोनदा फिरवली आणि सर्व्हिस रिपोर्टवर लिहिले: “फॉल्ट रिसेट. लिफ्ट चालू.” खाली ‘ग्राहक समाधानी’ या रकान्यात वॉचमनची सही घेतली. आमचे वॉचमन कुरिअर, गॅस सिलिंडर आणि पाण्याचे टँकर अशा सर्व गोष्टींसाठी याच समाधानाने सही करतात. कराराप्रमाणे सहीचा अधिकार सेक्रेटरी किंवा खजिनदार यांचा आहे, तेव्हा ते समाधान आपण आपल्याकडेच ठेवावे.

सोमवारी संध्याकाळी लिफ्ट पुन्हा तिथेच थांबली. गुरुवारीही थांबली. दर वेळी नवा तक्रार नंबर, नवा रिसेट, नवे समाधान. आपल्या कॉम्प्युटरवर या तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात, आणि तिन्ही ‘त्याच दिवशी निकाली’. आपला मासिक अहवाल देखणा निघाला असणार.

आता दुखण्याकडे वळू. आमच्या समितीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक इलेक्ट्रिशियन आहेत. ते गुरुवारी आपल्या मेकॅनिकसोबत मशीन रूममध्ये उभे राहिले आणि कारण सापडले. प्रत्येक मजल्याच्या दाराला वरच्या बाजूला लॉक असते आणि त्या लॉकच्या आत एक विद्युत कॉन्टॅक्ट असतो. सगळ्या मजल्यांचे कॉन्टॅक्ट एकामागे एक जोडलेले असतात. एकही सुटला की मोटरचा पुरवठा तुटतो, ब्रेक लागतो आणि लिफ्ट असेल तिथे थांबते. म्हणूनच दार उघडे असताना लिफ्ट चालत नाही. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या लॉकचा रोलर झिजून पुढे आला होता. लिफ्ट न थांबता तिथून पुढे जाताना तिच्या दाराची पट्टी त्या रोलरला निसटती घासायची, लॉक किंचित उचलले जायचे आणि कॉन्टॅक्ट सुटायचा. दर वेळी घासेलच असे नाही, म्हणून रिसेट केल्यावर लिफ्ट दोन-तीन दिवस सुरळीत चालायची. खात्री करणे अवघड नव्हते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबवून ठेवली, एकाने चौथ्या मजल्याचे बंद दार नुसते हाताने हलवले आणि वर कंट्रोलरवरचा लॉकचा दिवा विझला. आपल्या मेकॅनिकनीही तो विझताना पाहिला.

त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय असा: पार्ट येईपर्यंत त्या कॉन्टॅक्टला जंपर टाकू, लिफ्ट चालू राहील. चालू राहीलच, साहेब. चौथ्या मजल्याचे दार उघडे असले तरी चालू राहील. आमच्या सदस्यांनी त्या तारेचा तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला. तो सोसायटीच्या कपाटात सुरक्षित आहे आणि लिफ्ट निरीक्षकांना दाखवायचा की नाही, हे आपल्या उत्तरावर ठरेल. राज्याच्या २०१७ च्या लिफ्ट कायद्याने देखभाल करणाऱ्यावर कोणती जबाबदारी येते, हे आपल्या लेटरहेडवर परवाना क्रमांक छापणाऱ्याला आम्ही सांगावे, हे बरे दिसत नाही.

शेवटी लॉक पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी, म्हणजे पहिल्या तक्रारीनंतर दहा दिवसांनी, दुपारी ४ वाजता बदलले गेले. काम अर्ध्या तासाचे होते.

आता हिशेब. कलम ११ नुसार येण्यास उशीर झाल्यास प्रत्येक तासाला किंवा त्याच्या भागाला २०० रुपये. शनिवारचा उशीर साडेचार तासांचा, म्हणजे पाच तास धरून १,००० रुपये. दुसरा भाग: २४ तासांत दोष दूर झाला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक पूर्ण दिवसाला ५०० रुपये. इथे आपले लेखा विभागाचे साहेब फोनवर म्हणाले, “पण लिफ्ट मधल्या काळात चालू होती ना!” त्यांनी कलम ७ चे शेवटचे वाक्य वाचावे. तोच दोष १५ दिवसांत पुन्हा आला तर तो पहिल्या तक्रारीपासून अखंड चालू असल्याचे मानले जाईल. हे वाक्य आमच्या खजिनदारांनी आग्रहाने घालून घेतले होते. तेव्हा आपले सेल्समन हसले होते. पहिल्या २४ तासांनंतर मंगळवारपर्यंत पूर्ण दिवस भरतात नऊ, त्यांचे ४,५०० रुपये. एकूण ५,५०० रुपये. वार्षिक रकमेच्या १० टक्के, म्हणजे ६,००० रुपयांची कमाल मर्यादा करारात आहे. तीही आम्ही ओलांडलेली नाही.

‘व्होल्टेजचा चढउतार’ हा अपवाद आपण पत्रात मांडला आहे. रोलर व्होल्टेजने झिजत नाही.

आपल्या वकिलांनी भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७४ ची आठवण दिली, त्याबद्दल आभार. करारात दंडाचा आकडा लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण मिळत नाही. त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते, हे आम्हालाही मान्य. म्हणूनच सोबत पुरावे जोडले आहेत. पाचव्या मजल्यावरच्या आजींना त्या शनिवारी आणि गुरुवारी डायलिसिसला न्यायचे होते. दोन हमालांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली नेले, परत आणले आणि दर खेपेला ६०० रुपये घेतले. त्यांची पावती एका वहीच्या कागदावर आहे, पण अक्षर आपल्या सर्व्हिस रिपोर्टपेक्षा स्वच्छ आहे.

सबब, चालू तिमाहीच्या बिलातून ५,५०० रुपये कापून उरलेले ९,५०० रुपये आणि त्यांवरील कर एवढाच चेक काढला आहे. आपण क्रेडिट नोट पाठवली की त्याच दिवशी तो आपल्या ऑफिसात पोहोचेल. प्रतिसादाला आम्ही दोन तास लावणार नाही.

पुढील वर्षाच्या नूतनीकरणाचा मसुदा आपण पाठवला आहे. त्यात कलम ७ चे शेवटचे वाक्य छापायचे राहून गेलेले दिसते. ते घालून नवी प्रत पाठवावी.

कळावे,
आपली विश्वासू,
व्यवस्थापक समिती

सोबत: तक्रार क्रमांकांची यादी, तीन सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती, हमालांची पावती, मशीन रूममधील वहीचे पान