मामीचे अठराशे

अकरावीच्या मुलांना मी पंचवीस वर्षं 'बँक जुळवणी पत्रक' शिकवतो. रोख पुस्तक एक रक्कम सांगतं, पासबुक दुसरी, आणि दोन्हींतला फरक शोधायचा. त्यामुळे पवनी तालुक्यातल्या माझ्या मामीच्या गॅसची सबसिडी ऑगस्ट 2024 पासून दिसत नाही हे कळल्यावर मला चिंता नाही, आनंदच झाला.

मामी एकटी राहते. गॅस उज्ज्वलाचा. सिलिंडर संपला की ती भंडाऱ्याला फोन करते. मी मोबाइलवर बुकिंग करतो आणि पूर्ण रक्कम भरून टाकतो. उज्ज्वलाची 14.2 किलोमागे 300 रुपयांची सबसिडी मागाहून खात्यात येते. कोणाच्या, एवढाच प्रश्न. मार्च उजाडेपर्यंत मी ती माझ्याच खात्यात शोधत होतो. पैसे मी भरले, तर परतही मलाच येणार, असं माझं शास्त्र. बायको म्हणाली, "गॅस मामीच्या नावाचा आहे ना?" तेव्हा मी मामीचं पासबुक मागवलं.

पासबुकात ऑगस्टनंतर गॅसची एकही नोंद नव्हती. माझ्या मोबाइलमध्ये मात्र पाच भरणे होते. पाच गुणिले तीनशे, पंधराशे. तांबड्या शाईने तक्ता केला, खाली दुहेरी रेघ मारली आणि गॅस एजन्सीत गेलो. तिथल्या पोरीने मामीच्या कनेक्शनचा सतरा आकडी नंबर टाकला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"सर, चार सिलिंडर गेलेत. चारही सबसिड्या जमा आहेत."

"पाच!" मी तक्ता दाखवला.

"नोव्हेंबरचं बुकिंग रद्द आहे. घराला कुलूप होतं."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. मामी बहिणीच्या गावच्या मंडईला गेली होती, सिलिंडर परत गेला, आणि आठवडाभरात पूर्ण रक्कम माझ्या खात्यात आली होती. ती नोंद मी पाहिलीच नव्हती, कारण मी तीनशेच्या नोंदी शोधत होतो. सबसिडी पोहोचलेल्या सिलिंडरवर मिळते. बुकिंगवर नाही, भरण्यावरही नाही. मुलांचे यासाठी मी दोन गुण कापतो.

तरीही बाराशे कुठे होते? पोरीने सांगितलं, "पैसे आधारवरून जातात. आधारला कोणती बँक जोडली ते बघा." मी म्हणालो, मामीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहेच, पासबुकावर तसा शिक्काही आहे. तिने शिक्क्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

खात्याला आधार असणं वेगळं आणि सरकारी पैसे ज्या बँकेकडे वळवायचे ती बँक ठरणं वेगळं. त्या नोंदीत एका आधारपुढे एकच बँक राहते. नवी जोडली की जुनी आपोआप सुटते, आणि गॅस असो की आणखी कोणती योजना, आधारवरून येणारे सगळे पैसे नव्या बँकेकडे वळतात. गॅस एजन्सीला त्यात काही करावं लागत नाही, कळतही नाही.

रविवारी मामीच्या ओसरीवर बसून आधारची साइट उघडली. ओटीपी तिच्या बटणांच्या फोनवर आला. ती एकेक आकडा मोठ्याने वाचे, मध्येच कोंबडी हाकली की पहिल्यापासून. तिसऱ्या ओटीपीला 'Bank Seeding Status' उघडलं. खाते क्रमांक तिथे दिसत नाही. बँकेचं नाव, स्थिती आणि तारीख दिसते. पोस्टाची बँक, Active, जुलै 2024.

तारीख पाहून माझे कान गरम झाले. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू होते. आधार जोडलेलं खातं हवं म्हणून गावभर धावपळ होती. मामीला पोस्टात मीच नेलं होतं. तिचा अंगठा मशीनवर मीच टेकवला होता, आणि आधार जोडण्याच्या संमतीवर मोठ्या मनाने 'होय' मीच म्हणालो होतो. तिचं जुनं खातं आधीच जोडलेलं होतं; दोन मिनिटं चौकशी केली असती तर नवं काढावंच लागलं नसतं.

पोस्टमन गावातच होता. त्याच्या मशीनवर नोंदी निघाल्या: लाडक्या बहिणीचे हप्ते आणि मध्ये मध्ये 300, 300, 300, 300. चार. माझा पाचवा कुठेच नव्हता. शिल्लक मात्र फक्त तेवीस रुपये.

"मामी, बाराशे गेले कुठे?"

"कोठी जातीन? खर्च केले. मंग जानेवारीत तुले फोन नाई केला काय, का यावेळी अठराशे आले म्हनून?"

केला होता. मी वर्गात होतो. "हप्ता पंधराशेचाच असतो मामी, नीट मोजा," असं सांगून मी फोन ठेवला होता आणि फळ्यावर रोख पुस्तकाचं उदाहरण पुढे चालू केलं होतं.

"मी दोनदा मोजले," मामी म्हणाली. "तू म्हनला मास्तर मानूस, तर तिसऱ्यांदा बी मोजले."